हिरवी, फेसाळ शी: दूध तोडण्याआधी बाळाचं वजन बघा

"डॉक्टर ताई, माझी मुलगी सात आठवड्यांची आहे. फक्त अंगावर पिते. आठ-दहा दिवसांपासून तिला हिरवीगार, फेसाची शी होतेय. दिवसातून सात-आठ वेळा, फर्रकन आवाज करत. ढुंगण लाल झालंय. जन्मताना वजन 2 किलो 800 होतं, सहा आठवड्यांच्या लसीला 4 किलो 300 भरलं. दूध मला भरपूर आहे, पाजताना तिला ठसका लागतो. दोन्ही बाजूंना घड्याळ लावून दहा-दहा मिनिटं पाजते. सासूबाई म्हणतात, 'पोरले तुनं दूध बाधी ऱ्हायनं.' त्यांनी माझी मेथी-पालक बंद केली आणि आता घुटी सुरू करायची म्हणतात. मेडिकलवाल्यानं लॅक्टोज-फ्री पावडरीचा डबा दिलाय. अंगावरचं बंद करू का?"
– एक आई, अमळनेर तालुका

नको. अंगावरचं बंद करू नकोस, आणि तो डबाही उघडू नकोस.

तुझं पत्र वाचताना मी शीच्या वर्णनाआधी वजनाच्या ओळीवर थांबले. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत पुन्हा जन्माच्या वजनाला येतं. सहा आठवडे म्हणजे 42 दिवस. त्यातले पहिले दहा सोड. उरलेल्या 32 दिवसांत तुझ्या लेकीनं दीड किलो कमावलं, म्हणजे दिवसाला जवळजवळ 47 ग्रॅम. या वयात दिवसाला 25 ते 30 ग्रॅम वाढ झाली तरी आम्ही डॉक्टर समाधानी असतो. ज्या दुधावर मूल असं वाढतंय, ते दूध त्याला बाधतंय असं मी कसं म्हणू? हे दूध तिला चांगलंच लागू पडलंय. फक्त ते तिच्या पोटात जरा जास्त आणि जरा जोरात जातंय.

पण मी तिला डोळ्यांनी पाहिलेलं नाही. म्हणून पुढचं वाचण्याआधी आज घरीच चार गोष्टी बघून घे. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होते का, आणि ती फिक्या रंगाची आहे का? जागी असताना ती तुझ्याकडे टक लावून बघते का, भूक लागली की नेहमीसारखी जोर लावून ओढते का? अंग गरम लागतंय का? आणि शीमध्ये रक्ताचा एखादा धागा किंवा ठिपका दिसतो का? पहिल्या दोन प्रश्नांना 'हो' आणि नंतरच्या दोघांना 'नाही' असं उत्तर असेल तर निवांत बसून पुढचं वाच. एक जरी उत्तर उलटं आलं तर हा कागद बाजूला ठेव आणि आजच तिला बालरोगतज्ज्ञांना दाखव.

आता हिरव्या रंगाचं बघू, कारण घरातली सगळी भीती त्या रंगाची आहे. यकृतातून आतड्यात जे पित्त उतरतं ते मुळात हिरवट-पिवळं असतं. तुझं, माझं, सगळ्यांचं. आतड्यातून खाली सरकताना त्याच्यावर प्रक्रिया होत जाते आणि रंग पिवळा, मग तपकिरी होतो. त्याला वेळ लागतो. आतलं भरभर खाली सरकलं तर रंग पालटायला सवड मिळत नाही आणि शी हिरवी बाहेर येते. म्हणजे हिरवा रंग एवढंच सांगतो की माल घाईनं आला. घाई कशामुळे झाली, ते दुसऱ्या खुणांवरून ओळखायचं असतं.

शिवाय अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीचा रंग दिवसातून दोनदा पालटला तरी त्यात वावगं नाही. पहिले दोन दिवस काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट शी होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती हिरवट तपकिरी होते आणि पाचव्या दिवसाच्या सुमाराला मोहरी वाटून पाण्यात कालवावी तशी पिवळी, पातळ, दाणेदार. मग कधी मधूनच एखादी हिरवी. पिवळी शी लंगोटीवर तास-दोन तास उघडी राहिली तरी हवा लागून ती हिरवी पडते, त्यामुळे रात्रीची लंगोटी सकाळी पाहून रंग ठरवू नये. ज्या बाळांना लोहाचे थेंब चालू असतात किंवा वरची पावडर चालू असते, त्यांची शी गडद हिरवी दिसते, तीही चालते. किती वेळा व्हावी याचंही तसंच. दिवसाला आठ-दहा वेळा झाली तरी ठीक, आणि दीड महिन्यानंतर चार-पाच दिवसांतून एकदाच झाली तरी ठीक, शी मऊ असली आणि बाळ मजेत असलं म्हणजे झालं. सासूबाईंना सांग, मेथी-पालकाचा यात दोष नाही. तू भाजी खातेस म्हणून तिला फेसाची शी होत नाही. बाळंतिणीला भाजी लागते, ती परत सुरू कर. कळण्याच्या भाकरीबरोबर खा.

फेसाकडे मात्र नीट लक्ष दे, कारण तुझ्या लेकीचं खरं कारण तिथे सापडतं.

एक प्रयोग कर. सकाळी छाती भरलेली असताना, पाजण्याआधी, हातानं पिळून चमचाभर दूध एका पांढऱ्या बशीत काढ. मग त्याच बाजूला तिला पोटभर पिऊ दे, आणि तिनं सोडल्यावर पुन्हा चार थेंब त्याच बशीत दुसऱ्या कडेला काढ. पहिलं दूध निळसर, पातळ दिसेल. नंतरचं पांढरंशुभ्र, दाट. घरी म्हैस असेल तर धार काढणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. शेवटच्या धारांमध्ये स्निग्ध जास्त, हे त्याला पाठ असतं. तसंच इथेही. दूध दोन वेगळ्या जातींचं नसतं, एकच असतं. पाजणं पुढे सरकतं तसतसं त्यातलं स्निग्ध हळूहळू वाढत जातं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, मात्र पहिल्या थेंबापासून शेवटच्या थेंबापर्यंत सारखीच असते.

आता तुझं दहा मिनिटांचं घड्याळ आठव. तुला दूध भरपूर आहे, पान्हा जोरात फुटतो, म्हणून ती ठसकते. पहिल्या दहा मिनिटांत ती घटाघटा पातळ दूध पिते. आता कुठे दाट दूध यायला लागतं, तेवढ्यात तू तिला दुसऱ्या बाजूला घेतेस आणि तिथे पुन्हा पातळ दुधापासून सुरुवात होते. पोट भरतं, पण स्निग्ध कमी जातं. स्निग्ध पोटातलं दूध खाली सरकायचा वेग कमी ठेवतं. ते कमी पडलं की दूध जठरातून लवकर निसटतं. आतड्यात लॅक्टोज पचवायला लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य असतं. तिच्याकडे ते पुरेसं आहे, पण एकदम एवढी साखर आली की तेही मागे पडतं. उरलेली साखर मोठ्या आतड्यात जाते. तिथले जिवाणू ती आंबवतात, इडलीचं पीठ रात्रीत आंबतं तशी. त्यातून वायू होतो, तो फेस आणि तो फर्रकन आवाज. आम्लही होतं, त्यानं शीला आंबूस वास येतो आणि ढुंगण सोलवटल्यासारखं लाल होतं. न पचलेली साखर पाणी ओढून घेते, म्हणून शी पातळ. आणि सगळं घाईनं खाली येतं, म्हणून हिरवं. चारही खुणा एकाच गोष्टीच्या आहेत.

सुरुवातीचं पातळ दूध वाईट असं मात्र मनात घेऊ नकोस. आपल्याकडच्या वैशाखात बाळाची तहान त्यानंच भागते. दिवसभराचा एकूण मेळ बसला की झालं. पान्हा खूप असला आणि बाजू घाईनं बदलली तरच तो मेळ बिघडतो.

म्हणून पहिलं काम, घड्याळ काढून टाक. एका बाजूला लाव आणि तिनं स्वतः सोडेपर्यंत तिथेच राहू दे. दहा मिनिटं लागोत, पंचवीस लागोत. सोडल्यावर तिला खांद्यावर घे, ढेकर काढ, मग दुसरी बाजू दाखव. घेतली तर घेतली, नाही घेतली तर पुढच्या वेळी तिकडून सुरुवात कर. दीड-दोन तासांच्या आत तिला पुन्हा हवं झालं तर आधीचीच बाजू दे, ती अर्धी रिकामी असते आणि तिथलं दूध दाट असतं. दुसरी बाजू दगडासारखी झाली तर हातानं थोडं पिळून टाक. ताण उतरेल इतकंच. पूर्ण रिकामी केलीस तर शरीर समजतं की मागणी वाढली, आणि दूध आणखी वाढतं.

ठसक्यासाठी पाजायची बैठक बदल. भिंतीला पाठ टेकून, दोन उशा घेऊन मागे रेलून बस आणि तिला तुझ्या छातीवर पालथी, वरून खाली पिईल अशी घे. मग दुधाची धार चढणीवर चढते आणि तिचा जोर कमी होतो. पान्हा फुटतानाची पहिली जोरकस धार स्वच्छ फडक्यात जाऊ दे, ती संपली की परत लाव. आणि दूध वाढावं म्हणून तुला कोणी शतावरीची पावडर किंवा दुसरं काही देत असेल तर ते बंद कर. तुला त्याची गरज नाही. डिंकाचे लाडू ताकदीसाठी खात असलीस तर खा.

याचा परिणाम साधारण तीन-चार दिवसांत दिसू लागतो. आधी फेस कमी होतो, मग ढुंगणाची लाली उतरते. रंग सगळ्यात शेवटी पालटतो, म्हणून रोज रंगच बघत बसू नकोस. एवढ्यानं आठवड्यात फरक पडला नाही तर आणखी एक उपाय आहे. तीन-तीन तास एकच बाजू द्यायची, त्या वेळात ती कितीही वेळा मागो, आणि मग बाजू बदलायची. पण हा उपाय मी पत्रातून सांगून करायला लावत नाही. त्यानं दूध खरंच कमी होतं आणि छातीत गाठ धरून ताप येऊ शकतो. तो डॉक्टरांच्या किंवा स्तनपान समजणाऱ्या नर्सच्या नजरेखाली, थोडे दिवस आणि वजन मोजत करायचा.

वजनाचा आग्रह मी का धरते, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी, मे महिन्यात, चोपड्याकडची एक आजी पाच आठवड्यांची नात घेऊन माझ्याकडे आली. तक्रार तुझ्यासारखीच, हिरवी शी. घरात सगळ्यांचं ठरलंच होतं की दूध बाधतंय. मी लंगोटी मागितली. तिच्यावर चहाच्या चमच्याएवढी, गडद शेवाळी, बुळबुळीत शी होती. फेस नाही, दाणे नाहीत. विचारलं, लघवी किती वेळा? सून म्हणाली, सकाळपासून एकदा. जन्माचं वजन 2 किलो 600 होतं, त्या दिवशी काटा 2 किलो 700 वर थांबला. पाच आठवड्यांत फक्त शंभर ग्रॅम. ते मूल उपाशी होतं. पोटात दूधच पुरेसं जात नसलं की आतड्यात पित्त आणि चिकट स्राव तेवढे उरतात, आणि तेच हिरवे होऊन बाहेर येतात. रंग तुझ्या लेकीचाच, पण कारण अगदी उलटं.

का उपाशी होतं तेही बोलता बोलता निघालं. उन्हाचा पारा 45 च्या वर, म्हणून आजी मायेनं दर दोन तासांनी पाच-सहा चमचे उकळून गार केलेलं पाणी पाजायची. वर सकाळ-संध्याकाळ घुटी. इवल्याशा पोटात पाणी गेलं की भूक मरते, बाळ कमी ओढतं, आणि कमी ओढलं की आईचं दूधही कमी होत जातं. शिवाय बाळ फक्त बोंडाचं टोक धरत होतं. आम्ही पाणी आणि घुटी बंद केली, भोवतालच्या काळ्या भागासकट तोंडात कसं द्यायचं ते तिला दाखवलं, आणि दर वेळी पाजून झाल्यावर आईचंच दूध पिळून वाटी-चमच्यानं द्यायला लावलं. आठ दिवसांनी ते मूल 240 ग्रॅमनं वाढून आलं. तिसऱ्या दिवसापासून शी पिवळी झाली होती, ते आजीनंच मला दारातून सांगितलं. त्या मुलीला मी वजन न करता 'एकच बाजू पाज, दूध कमी कर' असं सांगितलं असतं तर तिचं काय झालं असतं, हा विचार आजही मनात येतो.

तेव्हा कोणीही हिरव्या शीवर उपाय सांगायला आलं, मी असो की दुसरं कोणी, तर आधी बाळाला काट्यावर ठेवायला लाव. तुझ्याकडे माता-बाल संरक्षण कार्ड आहेच. त्यातल्या वाढीच्या तक्त्यावर जन्माचा आणि सहा आठवड्यांचा ठिपका आशाताईंकडून काढून घे. आणि सहा महिन्यांपर्यंत पाण्याचा थेंब नाही, भुसावळ-जळगावच्या उन्हातसुद्धा नाही. आईच्या दुधात मुबलक पाणी असतं. उकाडा वाढला तर वारंवार पाज आणि तू स्वतः पाणी पी.

घुटीबद्दल सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांनी त्यांची लेकरं त्यावर वाढवली आहेत आणि त्यांना नातीची काळजी आहे. त्यांना एवढंच सांग की सहाणेवर उगाळताना पाणी, हात आणि सहाण या तिन्हींतून जंतू येतात. आज नुसती हिरवी असलेली शी उद्या खऱ्या हगवणीची होऊ शकते. त्यात मध घालायची पद्धत असेल तर ते मात्र ठामपणे नाही म्हण. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून एक जिवाणू बाधतो, त्यानं अंग लुळं पडतं. ग्राइप वॉटर आणि ओव्याचं पाणीही नको. सासूबाईंच्या मायेला दुसरं काम दे. पाजून झाल्यावर ढेकर काढायला आणि पायाची सायकल करून पोटातला वारा मोकळा करायला त्यांच्याइतका सवयीचा हात घरात दुसरा नसेल.

ढुंगण दर शीनंतर कोमट पाण्यानं धू, साबण दिवसातून एकदाच. टिपून कोरडं कर, घासू नकोस. थोडा वेळ उघडं राहू दे, मग खोबरेल तेलाचा किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाडसर थर लाव. पावडर टाकू नकोस.

डब्याबद्दल थोडं. जन्मतः लॅक्टोज पचतच नाही अशी मुलं अगदी विरळा. त्यांना पहिल्या दिवसांपासून पाण्यासारखे जुलाब होतात आणि वजन घटत जातं, ती दीड किलो वाढत नाहीत. तुझ्या लेकीला लॅक्टोज पचतं, तिला ते एका वेळी थोडं कमी हवंय. डबा सुरू केलास की ती अंगावर कमी ओढेल, दूध आटेल, आणि महिन्याभरात खरोखरच डब्यावर राहायची वेळ येईल. बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करायला आपल्या देशात 1992 च्या कायद्यानं बंदी आहे. बाळ न पाहता काउंटरवरून डबा हातात देणं मला जाहिरातीपेक्षाही जास्त खटकतं.

आता ज्या दिसल्या की थांबायचं नाही त्या गोष्टी. यात माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आहे ती पांढरी शी. हिरव्या शीला घाबरून लोक रात्री दार वाजवतात, आणि पांढरी शी महिनाभर घरात बघत बसतात, कारण ती स्वच्छ वाटते. चुन्यासारखी, पिठाच्या गोळ्यासारखी किंवा फिक्या पांढुरक्या मातीसारखी शी म्हणजे पित्त आतड्यात उतरतच नाही. सोबत बाळाचे डोळे पिवळे राहिले असतील आणि लघवीचा पिवळा डाग लंगोटीवर पडत असेल तर पित्तनलिका बंद असू शकते. त्यावर शस्त्रक्रिया आहे, पण ती बाळ साठ दिवसांचं होण्याआधी झाली तर तिचा चांगला उपयोग होतो. हे तुझ्या ओळखीतल्या प्रत्येक नव्या आईला सांग: दोन आठवड्यांनंतर कावीळ उरली असेल तर शीचा रंग दिवसाच्या उजेडात बघा, आणि फिकी वाटली तर ती लंगोटी घेऊनच डॉक्टरांकडे जा. हिरवी आणि पिवळी शी म्हणजे उलट पित्त नीट उतरतंय याचीच खूण.

दुसरी गोष्ट रक्ताची. ताप नाही, मूल खेळतंय, पण चिकट शेंबडासारख्या शीत लाल धागे वारंवार दिसतायत, तर आईच्या खाण्यातल्या गाई-म्हशीच्या दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. ती डॉक्टरांना ठरवू दे, तू होऊन दूध-दही सोडू नकोस. मूल थांबून थांबून किंचाळतंय, पाय पोटाशी ओढतंय, मधल्या वेळात निपचित पडतंय, उलट्या होतायत आणि मग जांभळाच्या गरासारखी लालसर चिकट शी झाली, तर आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं. तेव्हा एक तासही घालवू नये. पहिले दोन-तीन दिवस उलटल्यावर पुन्हा डांबरासारखी काळी शी झाली आणि लोहाचं औषध चालू नसेल, तर तीही दाखवायची. बोंडाला चीर पडून आईचं रक्त बाळाच्या पोटात गेलं तरी शीत काळं येतं, म्हणून तेही बघून सांग.

हिरवी उलटी हे सगळ्यात मोठं भय. हिरवी शी चालते, पण हिरवी उलटी कधीच चालत नाही. नवजात बाळाची हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ पडल्याची शक्यता. पोट फुगून कडक व्हायची वाट न बघता सरळ 108 ला फोन करायचा आणि जिथे मुलांची शस्त्रक्रिया होते तिथे जायचं.

आणि शेवटी खरे जुलाब. कालपर्यंतची शी आणि आजची शी यात एकदम फरक पडला, लंगोटीवर दाणे किंवा फेस न राहता पाणीच पाणी झालं, कडा भिजून पसरली, तर रंग कुठलाही असो, त्याला जुलाब म्हणायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना. अंगावर पाजणं थांबवायचं नाही, उलट वाढवायचं, आणि वाटेत ओआरएस चमच्यानं द्यायचं. मोठ्या पाकिटाचं पूर्ण एक लिटर पाणी घालूनच करायचं, अर्ध्या पाण्यात अर्धं पाकीट अंदाजानं नको. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट ताप आला, सहा-आठ तास लघवी झाली नाही, टाळू खोल गेली, डोळे खोल गेले, रडताना आवाज बारीक झाला किंवा दूध ओढेनासं झालं, तर शी कशी आहे ते बघायचीही गरज नाही, तसंच उचलून न्यायचं. जुलाब बंद करायच्या गोळ्या या वयात कोणीही देऊ नयेत, आणि अँटिबायोटिक डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नको.

तुझ्या मनात एक शंका असेल, लसीमुळे झालं का? सहा आठवड्यांच्या लसींबरोबर तोंडातून रोटाव्हायरसचा डोस देतात, त्यानंतर दोन-चार दिवस शी थोडी पातळ होऊ शकते. तुझ्या लेकीची तक्रार त्या सुमारास सुरू झालेली दिसते, म्हणून सुरुवातीला त्याचाही थोडा हातभार असेल. पण ठसका, फेस, लाल ढुंगण आणि ही वजनवाढ, सगळं जुळवून बघितलं तर माझं मत पान्ह्याच्या बाजूनंच पडतं. दहा आठवड्यांचा डोस चुकवू नकोस.

आता पुढचे आठ दिवस एका वहीत रोज तीन गोष्टी लिही: लघवी किती वेळा, फेस आहे की कमी झाला, ठसका किती वेळा लागला. आठव्या दिवशी उपकेंद्रात, त्याच काट्यावर, कपडे काढून वजन कर. या वेळी आठवड्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास वाढ दिसली तर काम बरोबर चाललंय. शंभरच्या खाली आली, किंवा फेस तसाच राहिला, तर वही आणि एक ताजी लंगोटी पिशवीत घालून बालरोगतज्ज्ञांकडे जा. डबा सीलबंद असेल तर पावतीसह मेडिकलवर परत देऊन बघ.

मला वजन कळव.